विद्यापीठाच्या नेटवर्क विभागाला पत्र : घरच्या स्थिर आयपीला फायरवॉलमधून वाट कशी मागायची?

पानगळ

नमस्कार मंडळी. मी पीएचडी करते, विषय मराठवाड्यातला पाऊस. विभागाच्या प्रयोगशाळेत एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं प्रारूप चालवते. एकेक रन दोन-तीन दिवस चालतो आणि मध्येच कधीतरी, बहुतेक रात्रीच, कोसळतो. तेव्हा `rsl.error.0000` उघडून बघायचं, कालपायरी कमी करायची आणि शेवटच्या रीस्टार्ट फाइलपासून पुन्हा सुरू करायचं. काम पाच मिनिटांचं, पण त्यासाठी कॅम्पसमध्ये असावं लागतं. आठवड्यातले निम्मे दिवस मी सोलापूरला घरी असते. शनिवारी रन पडला की सोमवारपर्यंत मशीन रिकामं.

कॅम्पसच्या आतून एसएसएच नीट चालतं, बाहेरून काहीच होत नाही. सर म्हणाले, नेटवर्क विभागाला पत्र लिहा, मी सही करतो. विभागाच्या फाइलमध्ये आमच्या एका सीनियरचं जुनं पत्र सापडलं. मजकूर असा :

> "माझ्या घरच्या लॅपटॉपचा आयपी 192.168.1.7 आहे. तरी सदर आयपीस आपल्या फायरवॉलमध्ये कायमस्वरूपी परवानगी देऊन सर्व्हरचा पूर्ण अ‍ॅक्सेस देण्यात यावा ही नम्र विनंती."

त्यावर लाल शाईत शेरा : "तपशील अपुरा. परत." नक्की काय अपुरं ते लिहिलेलं नाही. मी हेच पत्र नमुना म्हणून घेऊ की नव्याने लिहू? आणि त्यांना लागतं तरी काय?

---

अनिकेत७

पत्राबित्राच्या भानगडीत पडूच नका. सर्व्हरवर एसएसएचचा पोर्ट २२ वरून २२२२ करा. फायरवॉलला २२ माहीत असतो, तोच अडवलेला असतो. शिवाय हॅकर लोकही २२ वरच येतात, म्हणजे सुरक्षाही झाली.

---

जुना_खांब

अनिकेत, घरच्या राउटरवर किंवा भाड्याच्या क्लाउड मशीनवर ठीक. विद्यापीठाच्या फायरवॉलचं उलटं असतं : बाहेरून आत येणारं सगळंच बंद, आणि लेखी मागितलेलं तेवढंच उघडं. त्यामुळे २२, २२२२, ४५६७८, कुठलाही पोर्ट लावा, दार तेवढंच बंद. पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो हे खरं.

पानगळ, मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात होतो. असली पत्रं माझ्याच टेबलावर यायची आणि तो लाल शेरा माझ्याही हातून पुष्कळदा लिहिला गेलाय. त्या पत्रातली अडचण सांगतो.

192.168.1.7 हा पत्ता तुमच्या घरातल्या राउटरने लॅपटॉपला दिलेला. सोलापुरातल्या निम्म्या घरांत आज कुणाला तरी हाच पत्ता असेल. तो घराबाहेर पडतच नाही. फायरवॉलपर्यंत पोचतो तो राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता. ऑपरेटरने 192.168.1.7 ला परवानगी दिली तरी त्या नावाने दारात कधीच कुणी येणार नाही.

दुसरं, "सर्व्हरचा पूर्ण अ‍ॅक्सेस". सर्व्हर कुठला? इमारत कोणती, आतला पत्ता काय, पोर्ट कोणता? फायरवॉलचा नियम ही एक ओळ असते : कुठून, कुठे, कोणत्या पोर्टवर, टीसीपी की यूडीपी. पत्र वाचून ऑपरेटरला ती ओळ टाइप करता आली पाहिजे. येत नसेल तर तो शेरा मारणारच.

तिसरं, "कायमस्वरूपी". हा शब्द दिसला की आमचे साहेब पत्र बाजूला ठेवायचे.

आधी मला सांगा, घरचं कनेक्शन कसलं आहे आणि बाहेरचा पत्ता स्थिर आहे का?

---

पानगळ

फायबर ब्रॉडबँड. स्थिर आहे का ते कसं कळेल? गूगलवर बघितलं तर आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला लांबलचक पत्ता दिसतो, कोलन कोलन असलेला.

---

जुना_खांब

तो आयपीव्ही६ पत्ता. बऱ्याच विद्यापीठांच्या आतल्या नेटवर्कमध्ये अजून आयपीव्ही४ च चालतं, तेव्हा तो पत्रात घालू नका. घरच्या लॅपटॉपवर हे चालवा :

```
curl -4 ifconfig.me
```

जो आकडा येईल तो लिहून ठेवा. मग राउटरच्या पानावर जाऊन वॅन किंवा इंटरनेट स्टेटसखाली कोणता आयपी दिसतो ते बघा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा एकट्याचा आहे. राउटरवर 100.64 ते 100.127 यांत सुरू होणारा पत्ता असेल आणि `curl` वेगळाच दाखवत असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता कितीतरी घरांत वाटलाय. त्याला परवानगी मागणं म्हणजे त्या सगळ्या घरांना परवानगी मागणं. कुठलाही शहाणा नेटवर्क विभाग ती देणार नाही.

आणि दोन्ही सारखे आले म्हणजे पत्ता स्थिर झाला असं नाही. राउटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा बघा. खरी खात्री एकच : कंपनीकडून स्थिर आयपी वेगळे पैसे भरून घ्यायचा आणि त्यांचं पत्र किंवा बिलावरची नोंद जोडायची.

---

ग्रंथपाल_मावशी

आमच्या ग्रंथालयाने हेच केलंय ना! कॅम्पसमध्ये ई-जर्नल उघडत नव्हती म्हणून विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या. प्रकाशकाला विद्यापीठाच्या आयपींची यादी पाठवली आणि झालं. पानगळ, तू तुझ्या ग्रंथपालांना भेट, ते यादीत तुझं नाव घालतील.

---

जुना_खांब

मावशी, तुमचं प्रकरण उलट्या दिशेचं आहे. तिथे दार प्रकाशकाचं आणि विद्यापीठाचा पत्ता त्याच्या यादीत. इथे दार विद्यापीठाचं आणि बाहेरचा माणूस आत येतोय. ग्रंथपालांच्या हातात हे नाही.

पण तुम्ही दिशेचा मुद्दा काढलात ते बरं झालं. पत्रात "आत येणारी जोडणी" असं स्पष्ट लिहा. "आमचा सर्व्हर अमुक पत्त्याशी जोडायचा आहे" एवढंच लिहिलं की ऑपरेटर बाहेर जाणारा नियम लावतो, तो बहुतेक आधीच उघडा असतो, आणि मग दोन्ही बाजू महिनाभर एकमेकांना "आमच्याकडून झालंय" म्हणत बसतात.

---

टिपणवही

आमचं नेमकं हेच झालं, पण बाहेर जाताना. एका बाहेरच्या संगणन केंद्राने आमच्या प्रकल्पाकडे "तुमचा स्थिर आयपी कळवा" म्हणून मागणी केली. आम्ही सर्व्हरचा 10 ने सुरू होणारा पत्ता कळवला, त्यांनी अर्थातच नाकारला. मग `curl` करून बाहेरचा पत्ता दिला. काही दिवस चाललं आणि बंद पडलं. कारण आमचं विद्यापीठ बाहेर पडताना चार-पाच पत्त्यांपैकी कुठलाही वापरतं, जसा भार तसा. शेवटी नेटवर्क विभागाला लिहिलं की या एका सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक कायम एकाच पत्त्यावरून सोडा. ते त्यांना सोपं होतं, पण तशी विनंती करायची असते हे आम्हाला कुणी सांगेपर्यंत सेमिस्टर संपलं.

---

पानगळ

टिपणवही, हे वाचून जरा धडकीच भरली. :)

तपासलं. राउटरवर 100 नेच सुरू होणारा पत्ता निघाला. कंपनीला फोन केला. स्थिर आयपी मिळतो, दर महिन्याला वेगळे पैसे. घरात चर्चा झाली, बाबा म्हणाले घेऊन टाक. आता दोन्ही ठिकाणी एकच पत्ता दिसतो. खरा आकडा इथे टाकत नाही, उदाहरणासाठी 203.0.113.45 समजा.

सर्व्हरचा आतला पत्ता 10.20.4.17. पण तोही 10 नेच सुरू होतो, म्हणजे बाहेरून दिसणार नाही ना? मग मी घरून कुठे जोडणी करायची?

---

जुना_खांब

बरोबर बोललात. पुष्कळ पत्रं इथेच अर्धी राहतात. नुसती परवानगी पुरत नाही. विद्यापीठाच्या एखाद्या बाहेरच्या पत्त्यावर आलेली जोडणी 10.20.4.17 कडे वळवावी लागते. तो बाहेरचा पत्ता कोणता आणि पोर्ट कोणता हे ते ठरवतील, तुम्ही सुचवायचं नाही. कदाचित 198.51.100.20 चा पोर्ट २२०२२ देतील आणि आत २२ वर वळवतील. पत्रात फक्त "आवश्यक ती पत्तावळवणी करून बाहेरचा पत्ता व पोर्ट कळवावा" एवढं लिहा.

तसंच 10.20.4.17 हा सर्व्हरला डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप, मिळालाय का बघा. मिळाला असेल तर वीज जाऊन आल्यावर बदलू शकतो, आणि तुमचा नियम शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरकडे बोट दाखवत बसेल. नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता देऊन तो आयपी राखून मागा. एकाच पत्रात दोन्ही कामं होतात. सर्व्हरवर `ip addr` केलंत की `link/ether` पुढे तो दिसेल.

---

अनिकेत७

स्थिर आयपीसाठी दर महिन्याला पैसे कशाला? डायनॅमिक डीएनएस घ्यायचं. पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. पत्रात ते नाव द्यायचं. आजकालच्या फायरवॉलमध्ये पत्त्याऐवजी नाव टाकता येतं, मी स्वतः केलंय.

---

राईन_काठचा

टाकता येतं, अनिकेतचं बरोबर आहे. पण फायरवॉल ते नाव ठरावीक वेळाने विचारतं. मध्ये पत्ता बदलला तर काही काळ तुम्ही बाहेर, आणि तुमचा जुना पत्ता ज्या अनोळखी माणसाला मिळाला तो आत. शिवाय त्या फुकट सेवेचा पासवर्ड कुणी चोरला तर तो स्वतःच्या पत्त्याला तुमचं नाव देऊ शकतो. वर तिचा बाहेरचा पत्ता मुळात एकटीचा नव्हताच, तिथे नावाने काय फरक पडला असता?

मी जर्मनीत पोस्टडॉक करतो. आमच्याकडे घरच्या पत्त्याला परवानगी हा प्रकारच नाही. व्हीपीएन घ्या, मग आतल्यासारखं काम करा. दोन विद्यापीठांमधल्या सर्व्हरना परवानगी मिळते, पण वर्षाने ती आपोआप संपते. पुन्हा अर्ज. पानगळ, तुमच्याकडे व्हीपीएन नाही का?

---

पानगळ

आहे म्हणतात, पण फक्त शिक्षक आणि कार्यालयासाठी. संशोधक विद्यार्थ्यांना परवाने पुरत नाहीत असं तोंडी उत्तर मिळालं.

---

जुना_खांब

मग पत्रात तेही लिहा. "व्हीपीएन देता येत असल्यास तोही पर्याय चालेल." त्यांच्या दृष्टीने तो जास्त सुरक्षित आहे आणि ते खरंही आहे. तुम्ही स्वतःहून तयारी दाखवलीत तर पत्राचा सूर बदलतो, हटून बसल्यासारखं वाटत नाही.

---

भिंगरी

एवढं कशाला ते कळत नाही. सर्व्हरवरूनच बाहेर एक उलटा बोगदा काढा, `ssh -R`. एक स्वस्त क्लाउड मशीन घ्या, सर्व्हर तिथे जोडलेला राहील, तुम्ही घरून तिथे जा. बाहेर जाणारं कुणी अडवत नाही. माझे दोन मित्र असंच करतात, कुणाला पत्ता नाही.

---

जुना_खांब

भिंगरी, चालतं हे मान्य. पण पत्ता नाही तोवरच. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आल्यापासून नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. त्यामुळे कार्यालयं आता असल्या गोष्टींना जास्त बिचकतात. अशा बोगद्यातून काही घडलं तर नोंदींत विभागाचा सर्व्हर सापडेल, आणि नोटीस पानगळच्या सरांच्या नावाने निघेल. मित्रांना सांभाळून राहायला सांगा.

आणि नेटवर्कवाले उगाच घाबरतात असंही नाही. मे २०२० मध्ये युरोपातल्या कितीतरी विद्यापीठांच्या महासंगणकांत घुसखोरी झाली. ब्रिटनमध्ये एडिंबरोचा आर्चर बंद ठेवावा लागला, जर्मनीतलीही काही यंत्रं बंद झाली. चोरलेल्या एसएसएच ओळखींनी लोक आत शिरले होते, आणि एका संस्थेतून दुसरीत उड्या मारत होते. सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड आणि किल्ल्या नव्याने करायला लावल्या. म्हणजे पत्ता ओळखीचा आहे म्हणून माणूसही तोच, असं धरता येत नाही. म्हणून कार्यालय विचारतं की पत्त्यामागे जबाबदार कोण.

---

राईन_काठचा

मी तेव्हा नुकताच आलो होतो. आमच्या क्लस्टरवर कित्येक दिवस लॉगिनच नव्हतं, आणि परत सुरू झालं तेव्हा जुन्या किल्ल्या सगळ्या रद्द. पानगळ, सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्लीने ठेवा आणि पत्रात तसं लिहा. पण लिहिण्याआधी तपासा. उबुंटूवर `sshd_config` मध्ये "नाही" लिहिलं तरी `sshd_config.d` मधली दुसरी फाइल कधीकधी त्यावर मात करते. सगळ्या फाइली मिळून काय ठरतं ते हे सांगतं, आणि बदल केलात तर एसएसएच सेवा रीस्टार्ट करा :

```
sudo sshd -T | grep -i passwordauth
```

---

पानगळ

तपासलं, `yes` येत होतं! त्या फोल्डरमध्ये `50-cloud-init.conf` नावाची फाइल होती, त्यात लिहिलं होतं. बदलली, सेवा रीस्टार्ट केली, आता `no`. माझी किल्ली आधीच घातलेली असल्यामुळे बाहेर पडले नाही.

पत्राचा मसुदा करून टाकू का इथे?

---

शुद्धलेखन_आजोबा

टाका अवश्य. कार्यालयीन मराठीची मला हौस आहे, तांत्रिक भाग खांबसाहेब बघतील.

---

पानगळ

(आजोबांनी दुरुस्त केलेला आणि खांबकाकांनी दोन ओळी घातलेला, असा शेवटचा मसुदा. विभागाचं नाव काढलंय, पत्ते उदाहरणाचे.)

> प्रति,
> मा. प्रमुख, नेटवर्क विभाग
> मार्फत : मा. विभागप्रमुख
>
> विषय : विभागातील सर्व्हरवर बाहेरून काम करण्यासाठी एका स्थिर आयपी पत्त्यास फायरवॉलमधून परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत हवामान प्रारूपांच्या गणनेसाठी एक लिनक्स सर्व्हर आहे. गणना दोन ते तीन दिवस अखंड चालते व मध्ये थांबल्यास ती हाताने पुन्हा सुरू करावी लागते. सुट्टीच्या दिवशी हे काम कॅम्पसबाहेरून करता यावे यासाठी खालीलप्रमाणे आत येणाऱ्या एका जोडणीस परवानगी मिळावी.
>
> कोठून : 203.0.113.45, एकच पत्ता. सेवापुरवठादाराचे स्थिर पत्त्याबाबतचे पत्र सोबत जोडले आहे.
> कोठे : 10.20.4.17, विभागाची प्रयोगशाळा, पहिला मजला. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता सोबतच्या तक्त्यात दिला आहे. हा आयपी या सर्व्हरसाठी राखून ठेवावा.
> सेवा : एसएसएच, टीसीपी पोर्ट २२. अन्य कोणत्याही पोर्टची आवश्यकता नाही.
> मुदत : मंजुरीपासून ६ महिने. पुढे गरज असल्यास नव्याने अर्ज करू.
>
> आवश्यक ती पत्तावळवणी करून बाहेरून वापरावयाचा पत्ता व पोर्ट कळवावा. सर्व्हरवर पासवर्डने प्रवेश बंद केला असून केवळ किल्लीने प्रवेश मिळतो. सर्व्हरचे व प्रवेशाच्या नोंदींचे उत्तरदायित्व खाली सही करणाऱ्या मार्गदर्शकांचे राहील. स्थिर पत्ता बदलल्यास किंवा काम संपल्यास त्वरित कळवू.
>
> यास पर्याय म्हणून व्हीपीएन खाते देणे शक्य असल्यास तेही चालेल.
>
> आपली विश्वासू,
> (संशोधक विद्यार्थिनी) (मार्गदर्शक)
>
> सोबत : १. सेवापुरवठादाराचे पत्र २. सर्व्हरचा तपशील ३. ओळखपत्राची प्रत

---

शुद्धलेखन_आजोबा

छान. "मिळणेबाबत" मला आवडत नाही, पण विषयाच्या ओळीत तेच चालतं, राहू दे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

---

टिपणवही

मुदत ६ महिने कशाला, ३ वर्षं मागायची ना? पीएचडी तेवढी चालणारच. दर वेळी कोण शिक्के मारत फिरणार?

---

जुना_खांब

३ वर्षं मागितलीत तर सही वरच्या टेबलावर जाते. ६ महिन्यांची माझ्या वेळी आमच्या पातळीवरच व्हायची. प्रत्येक ठिकाणी असंच असेल असं नाही, पण माझं मत लहान मुदतीकडे.

---

राईन_काठचा

मला हे पटत नाही. लहान मुदतीचे नियम कुणी काढत नाही, विसरले जातात. मुदत लिहून काय उपयोग, नियमातच तारीख घालायला सांगा. बहुतेक फायरवॉलमध्ये वेळापत्रक जोडता येतं.

---

जुना_खांब

सांगायला हरकत नाही. करतील याची खात्री मी देणार नाही.

---

पानगळ

बातमी! मंजूर झालं. व्हीपीएनबद्दल अवाक्षर नाही, पण नियम लावला असं ईमेल आलं. बाहेरचा पत्ता आणि पोर्ट २२०२२ दिलाय. घरून करून बघितलं :

```
ssh -p 22022 pangal@198.51.100.20
ssh: connect to host 198.51.100.20 port 22022: Connection timed out
```

कॅम्पसमधल्या मैत्रिणीने आतून 10.20.4.17 ला जोडलं तर लगेच जातं. त्यांना ईमेल केलं, उत्तर "आमच्या बाजूने चालू आहे". आता?

---

अनिकेत७

म्हटलं होतं ना, हे लोक करतात काहीतरी एक. पुन्हा पत्र टाका, या वेळी कुलसचिवांना प्रत.

---

जुना_खांब

थांबा थांबा, कुलसचिव कुठे पळून जात नाहीत. "timed out" म्हणजे उत्तरच आलं नाही. "Connection refused" आलं असतं तर कुणीतरी दार उघडून नाही म्हणालं, असं समजलो असतो. आता कोण गप्प बसतंय ते शोधायचं, आणि ते सर्व्हरवरूनच कळतं. मैत्रिणीला आतून लॉगिन करून हे चालू ठेवायला सांगा :

```
sudo tcpdump -ni any tcp port 22 and host 203.0.113.45
```

मग तुम्ही घरून जोडून बघा. तिच्या पडद्यावर काहीच आलं नाही तर पाकीट फायरवॉलपाशीच अडलंय, आणि त्याची प्रत लावून त्यांना सांगता येईल. ओळी आल्या तर त्यांचं काम झालंय, पुढचा शोध सर्व्हरवर.

---

पानगळ

आल्या! माझ्या पत्त्यावरून येणाऱ्या तीन-चार ओळी, सगळ्यांत `Flags [S]`. उलट जाणारी एकही नाही.

---

राईन_काठचा

म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताय आणि सर्व्हरच गिळतोय. सर्व्हरचं स्वतःचं फायरवॉल असतं, ufw. `sudo ufw status` काय म्हणतं?

---

पानगळ

हे म्हणतं :

```
22/tcp    ALLOW    10.0.0.0/8
```

बाकी काही नाही. म्हणजे कॅम्पसच्या आतल्यांनाच परवानगी! सर्व्हर बसवणाऱ्या कुणीतरी लावलेलं असणार.

---

जुना_खांब

सापडलं. वळवताना फायरवॉल फक्त जाण्याचा पत्ता बदलतं, येणाऱ्याचा तुमचा सोलापूरचाच राहतो. तो 10 मध्ये बसत नाही, म्हणून ufw ने मुकाट्याने टाकून दिला. tcpdump त्याच्या आधी बघतं, त्यामुळे तिथे दिसलं. ज्याने लावलं त्याने चांगलंच केलं होतं. ते काढू नका, एक ओळ वाढवा :

```
sudo ufw allow from 203.0.113.45 to any port 22 proto tcp
```

---

पानगळ

चालू झालं!! आत्ता सोलापुरातून `tail -f rsl.error.0000` बघतेय. खांबकाका, राईनदादा, मनापासून आभार.

एक शंका आहे. wrfout फाइली काही दहा जीबीच्या आहेत. `rsync` ने घरी आणल्या तर नेटवर्क विभाग ओरडेल का?

---

टिपणवही

आम्हाला ओरडले होते.

---

जुना_खांब

`--bwlimit` लावा, रात्री चालवा. शक्यतो आणूच नका. सर्व्हरवरच हवा तेवढा चौकोन आणि हवी ती चलं कापून घ्या, तेवढंच आणा. पत्रात आपण मोठी फाइलवाहतूक मागितलेली नाही. एसएसएचच्या वाटेनेच जातंय म्हणून नियमात बसतं, पण आलेखात अचानक डोंगर दिसला की फोन येतो.

---

ग्रंथपाल_मावशी

मग व्हीपीएनचं काय झालं? मलाही घरून कॅटलॉगच्या सर्व्हरवर जायचं असतं. मी हेच पत्र थोडं बदलून दिलं तर चालेल का? माझ्याकडे मोबाइलचं इंटरनेट आहे.

---

राईन_काठचा

मावशी, मोबाइलच्या इंटरनेटवर बाहेरचा पत्ता तुमच्या एकटीचा नसतो, हे पत्र तिथे चालणार नाही. तुम्ही कर्मचारी आहात, थेट व्हीपीएन मागा.

---

पानगळ

व्हीपीएनबद्दल ईमेलमध्ये काहीच नव्हतं, म्हणून आज प्रत्यक्ष विचारून आले. "पुढच्या खरेदीत बघू" म्हणाले. मुदतीची तारीख नियमात घातली का तेही विचारलं. टेबलावरचे भाऊ नुसते हसले.